एकादशीचा उपवास: संकल्पापासून पारण्यापर्यंत

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दर एक-दोन वर्षांनी कोणी ना कोणी एकादशी नव्याने धरतो. कोणाच्या घरी सून येते आणि सासरची रीत शिकू पाहते, कोणी निवृत्त झाल्यावर गळ्यात माळ घालतो, तर कोणाला आजी गेल्यावर तिचे व्रत पुढे चालवावेसे वाटते. सगळ्यांचा पहिला प्रश्न 'काय खाल्लेले चालते?' हाच असतो. 'सोडायचा कधी आणि काय म्हणून?' हा दुसरा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि चूक बहुधा तिथेच होते. म्हणून या लेखात खाण्याविषयी लिहिले असले, तरी भर उपवास सोडण्यावर, म्हणजे पारण्यावर, दिला आहे.

त्याचे कारण संकल्पाच्या श्लोकातच सापडते. तो श्लोक असा आहे:

एकादश्यां निराहारः स्थित्वाद्याहं परेऽहनि ।
भोक्ष्यामि पुण्डरीकाक्ष शरणं मे भवाच्युत ॥

'हे कमलनयना, आज एकादशीला मी निराहार राहून दुसऱ्या दिवशी भोजन करीन. हे अच्युता, तू माझा आधार हो', असा त्याचा अर्थ आहे. यातले 'भोक्ष्यामि', म्हणजे 'जेवीन', हे क्रियापद नीट पाहावे. आपण देवापुढे केवळ न जेवण्याचा शब्द देत नाही, तर उद्या जेवण्याचाही देतो. एकादशीला काहीही न खाणारा माणूस द्वादशीला वेळेवर जेवला नाही, तर त्याने दिलेल्या शब्दाचा अर्धाच भाग पाळलेला असतो.

पहिली पायरी: दिवस ठरवणे

प्रत्येक चांद्रमासात शुद्ध पक्षाची एक आणि वद्य पक्षाची एक अशा दोन एकादश्या येतात. त्यामुळे वर्षाला २४ आणि अधिक महिना आला तर २६ एकादश्या होतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळ्या एकदम धरण्याचे कारण नाही. पुष्कळ घरांत फक्त आषाढी आणि कार्तिकी पाळतात, आणि तीही चांगली सुरुवात आहे.

दिवस ठरवताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन गोष्टी नवख्याला चकवतात. पहिली म्हणजे तिथी मध्यरात्री बदलत नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी २० तासांची, तर कधी २६ तासांपर्यंतची असते, आणि दिवसात कोणत्याही घटकेला ती संपू शकते. दुसरी गोष्ट अशी की पंचांगाचा वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. शनिवारच्या चौकटीत 'एकादशी उ. रात्री २.१०' असे छापलेले असेल, तर तिथले 'उ.' हे उत्तररात्रीचे आहे. घड्याळाप्रमाणे तोवर रविवार लागलेला असतो. मी स्वतः पहिल्या वर्षी हे 'दुपारी २.१०' असे वाचले होते आणि शनिवारी दुपारी अडीच वाजता, एकादशी अजून निम्मी शिल्लक असताना, वरणभात जेवून मोकळा झालो होतो. वरच्या मजल्यावरच्या मावशींना हे कळले तेव्हा त्या हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अरे, हा सोडला नाहीस, मोडलास."

त्या दोन क्रियापदांकडे पुढे येऊच. आधी स्मार्त आणि भागवत हा भेद समजून घेऊ, कारण काही वेळा दिनदर्शिकेत लागोपाठच्या दोन दिवसांवर या दोन नावांनी एकादशी छापलेली असते आणि घरात वाद सुरू होतो. स्मार्त मंडळी सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते पाहतात. भागवत, म्हणजे वैष्णव, मंडळी त्याआधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, सुरू होणाऱ्या अरुणोदयाला कोणती तिथी आहे ते पाहतात. अरुणोदयाच्या वेळी दशमी थोडीजरी शिल्लक असली, तरी त्यांच्या मते ती एकादशी दशमीने विद्ध झाली, आणि ते दुसऱ्या दिवशी उपवास करतात. माळकरी वारकऱ्यांच्या घरी भागवत आणि इतर बहुतेक घरांत स्मार्त असा साधारण प्रघात आहे. नवख्याने आपल्या घरात कोणता दिवस धरतात ते विचारावे. घरात रीतच नसेल, तर एक बाजू निवडून वर्षभर तीच ठेवावी. सोयीचा वार पाहून कधी स्मार्त तर कधी भागवत करणे मात्र मला पटत नाही.

मुंबईसाठी छापलेल्या वेळा ठाण्यात आणि नवी मुंबईत तशाच वापराव्यात, कारण सूर्योदयात फरक पडतो तो अर्ध्या-एक मिनिटाचा. नागपूरच्या नातेवाइकांशी मात्र घोळ होऊ शकतो. तिथी संपण्याची वेळ देशभर घड्याळात एकच असली, तरी नागपूरला सूर्य आपल्यापेक्षा साधारण २५ मिनिटे आधी उगवतो, म्हणून एखाद्या वेळी त्यांचा दिवस वेगळा येतो आणि दोघेही बरोबर असतात. मोबाइलवरचे पंचांग पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तर भारतीय पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्या आषाढ वद्य एकादशीला तिथे श्रावण कृष्ण एकादशी म्हटलेले दिसते. नाव वेगळे असले तरी दिवस तोच असतो.

दशमीची तयारी

दशमीला दिवसा एकदाच जेवावे असा नियम आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे, कारण रात्री उशिरा भरपेट जेवून सकाळी उपवास धरला, की दुपारपर्यंत पित्त हमखास चढते. आषाढीच्या वेळी नवमीलाच, म्हणजे कांदेनवमीला, भजी-थालीपिठे करून कांदा-लसूण चातुर्मासापुरता बंद करण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे.

दशमीला करायचे महत्त्वाचे काम म्हणजे तुळस काढून ठेवणे. द्वादशीला तुळस तोडत नाहीत आणि बरेच जण एकादशीलाही तोडत नाहीत, पण तुळशीचे पान दोन्ही दिवशी लागते. म्हणून दशमीला दिवसाउजेडी दहा-बारा पाने खुडून ओलसर फडक्यात गुंडाळावीत आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत. दोन दिवस ती चांगली राहतात. गॅलरीत तुळस नसेल, तर जांभळी नाक्याच्या बाजारात फुलवाल्यांकडे जुडी मिळते, पण आषाढीच्या दिवशी सकाळी ती मिळेलच असे धरून चालू नये.

संकल्प आणि दिवसाची प्रार्थना

एकादशीला सकाळी स्नान करून विठ्ठलाच्या, विष्णूच्या किंवा कृष्णाच्या मूर्तीपुढे अगर तसबिरीपुढे दिवा लावावा. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन वरचा श्लोक म्हणावा आणि पाणी ताम्हनात सोडावे. श्लोक म्हणताना 'परेऽहनि' या शब्दापाशी बहुतेक जण अडखळतात. तो 'परे' आणि 'अहनि' यांचा संधी असून अवग्रहाचा वेगळा उच्चार नसतो. 'परेहनि' असे सरळ म्हणावे. 'स्थित्वाद्याहं' म्हणजे 'स्थित्वा अद्य अहं'.

इथे माझे एक मत आहे, ते पटले तर घ्यावे. श्लोकात 'निराहारः' असा स्पष्ट शब्द आहे. सकाळी तो उच्चारायचा आणि अकराला साबुदाण्याची खिचडी खायची, हे देवाला चालत असेलही, पण आपल्यालाच ते जड जावे. जे खरोखर पाण्यावर किंवा काही न घेता राहणार आहेत, त्यांनी श्लोक म्हणावा. इतरांनी श्लोकाच्या जोडीला किंवा त्याच्या जागी साध्या मराठीत सांगावे: 'पांडुरंगा, आज एकादशीला मी धान्य न खाता, फळे आणि उपवासाचे पदार्थ घेऊन राहीन. उद्या द्वादशीला तुला नैवेद्य दाखवून जेवेन. तोवर मला सांभाळ.' आपण काय पाळणार आहोत हे सकाळीच ठरून गेले, की दिवसभर मनाशी घासाघीस करावी लागत नाही.

पूजा साधीच असते. गंध, फूल, तुळशीचे पान, उदबत्ती, आणि आपण जे खाणार असू त्याचाच नैवेद्य. मग 'युगे अठ्ठावीस' ही विठ्ठलाची आरती म्हणावी. ज्यांना संस्कृत येते ते विष्णुसहस्रनाम म्हणतात, त्याला संथ लयीत अर्धा तास लागतो. ज्यांना ते लांबते वाटेल, त्यांनी 'रामकृष्णहरी' हा मंत्र १०८ वेळा जपावा. संध्याकाळी दिवेलागणीला हरिपाठ म्हणतात. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' या पहिल्या अभंगाने तो सुरू होतो. नवख्याला सगळे अभंग एका दमात म्हणणे कठीण जाते, म्हणून पहिले पाच अभंग पाठ होईपर्यंत तेवढेच म्हणावेत. ऑफिसातून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने घरी परतताना पुस्तक उघडून मनातल्या मनात म्हणणारे लोकही मी पाहिले आहेत. एकादशीची रात्र जागवावी असे व्रतात सांगितले आहे, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याने भजनाला तासभर बसून झोपणे योग्य, कारण द्वादशीला दिवसा झोपणे वर्ज्य आहे.

काय खावे

मूळ नियम फार कडक नाही आणि फार सैलही नाही. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्राचे वचन आहे. औषध त्या यादीत आहे, हे गोळ्या चालू असलेल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेणाऱ्याने उपवासाच्या आधी डॉक्टरांना मात्रा विचारून घ्यावी, कारण नेहमीची मात्रा घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, थंड घाम येणे, डोके हलके होणे अशी लक्षणे दिसताच साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. उपवासाचा नियमही आठ वर्षांच्या पुढच्या आणि ऐंशीच्या आतल्या धडधाकट माणसासाठीच सांगितला आहे.

वर्ज्य काय, तर तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी ही धान्ये आणि सगळ्या डाळी-कडधान्ये. यावर मराठी घरांनी जे उभे केले आहे ते पाहिले की गंमत वाटते. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाणा ज्यापासून बनतो तो कसावा कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले आणि पोर्तुगीजांच्या काळापासून इकडे आलेले. ज्या ग्रंथांत एकादशीचे नियम लिहिले आहेत, त्यांच्या कर्त्यांना यातले बहुतेक पदार्थ माहीत असण्याचे कारणच नव्हते. ज्यांच्यावर बंदी घालायला कोणी नव्हते, ते पदार्थ उपवासाच्या ताटात येऊन बसले, आणि मग 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण खरी ठरू लागली.

साबुदाण्याची खिचडी नवख्याकडून दोन ठिकाणी बिघडते: भिजवताना आणि झाकताना. एक वाटी साबुदाणा दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुऊन घ्यावा, म्हणजे वरची पांढरी पिठी निघून जाते. मग पाणी पूर्ण निथळून, साबुदाणा जेमतेम बुडेल इतकेच पाणी ठेवून चार-पाच तास किंवा रात्रभर भिजवावा. आषाढात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की पाणी त्याहूनही थोडे कमी घातले तरी चालते. दाणा बोटांत दाबला की विनासायास चिरडला पाहिजे. मध्ये कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबावे. भिजलेल्या साबुदाण्यातच अर्धी ते पाऊण वाटी दाण्याचा कूट, सैंधव आणि चिमूटभर साखर मिसळावी, म्हणजे कूट प्रत्येक दाण्याला लागतो आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. कढईत दोन चमचे तूप, जिरे, मिरचीचे तुकडे आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी परतून साबुदाणा घालावा. मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटांची एक वाफ द्यावी, परतावे आणि आणखी एक वाफ द्यावी. दाणा पांढऱ्याचा पारदर्शक झाला की लगेच गॅस बंद करावा, कारण त्यानंतरच्या पाच मिनिटांतच खिचडीचा गोळा होतो.

ज्यांना साबुदाणा जड पडतो त्यांच्यासाठी वरी चांगली. तिला घाटावर आणि विदर्भात भगर म्हणतात. एक वाटी वरी तुपावर परतून तिच्यात अडीच ते तीन वाट्या उकळते पाणी घालून झाकली, की दहा-बारा मिनिटांत भात तयार होतो. सोबत दाण्याची आमटी करतात: अर्धी वाटी भाजलेले दाणे, ओले खोबरे, मिरची आणि जिरे बारीक वाटून, दोन-तीन आमसुले आणि गूळ घालून उकळावी आणि जरा पातळच ठेवावी, कारण गार होता होता ती घट्ट होते. वरी घेताना सुट्टीपेक्षा बंद पाकिटातली, अलीकडची तारीख असलेली घ्यावी, निवडून धुऊन घ्यावी आणि तिचे तयार पीठ साठवून ठेवू नये. ओल लागून बुरशी आलेल्या भगरीने उलट्या आणि चक्कर येण्याचे प्रकार दर उपवासाच्या हंगामात कुठे ना कुठे होतात. कुबट वास आला किंवा दाणे काळपट दिसले, तर ती सरळ टाकून द्यावी. काही घरांत आणि काही वैष्णव परंपरांत वरी हे धान्यच मानतात आणि एकादशीला खात नाहीत. तिथे राजगिरा, शिंगाडा, रताळी आणि सुरण यांवर भागवतात.

जिरे, कोथिंबीर, मिरे, भेंडी यांविषयी घराघरांत मतभेद आहेत आणि त्यात शिरण्यात अर्थ नाही. हिंगाबाबत मात्र नक्की सांगता येते. बाजारात मिळणारा बांधीव हिंग पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे असते, त्यामुळे तो उपवासाला चालत नाही. फरसाणाच्या दुकानातले बटाट्याचे वेफर्स घेतानाही ते शेव-भजीच्याच तेलात तळले आहेत का, ते विचारून घ्यावे.

सोडणे आणि मोडणे

मराठीत उपवास 'धरतात' आणि 'सोडतात'. ठरलेल्या वेळेआधी, नकळत किंवा मोहाने, काही खाल्ले गेले तर तो 'मोडतो'. द्वादशीच्या पहिल्या भोजनाला 'पारणे' म्हणतात आणि ते 'करतात' किंवा 'फेडतात'. 'डोळ्यांचे पारणे फिटले' हा वाक्प्रचार तिथूनच आला आहे. वारकऱ्यांच्या बोलण्यात 'बारस सोडणे' असा शब्द येतो. 'उद्या सकाळी बारस सोडायला आमच्याकडे या', असे कोणी म्हटले, तर ते द्वादशीच्या जेवणाचे आमंत्रण असते, बाळाच्या बारशाचे नव्हे. 'काल एकादशी तोडली' असे मात्र कोणी म्हणत नाही.

पारण्याच्या वेळेचे तीन नियम आहेत. सूर्योदयाआधी पारणे करू नये. द्वादशी तिथीचा पहिला चतुर्थांश, ज्याला हरिवासर म्हणतात, तो टाळावा. आणि द्वादशी संपण्याच्या आत पारणे करावे.

हे उदाहरणाने पाहू. समजा, ठाण्यात सूर्योदय ६.१० चा आहे. शुक्रवारच्या चौकटीत दशमी पहाटे ४.५० पर्यंत आहे, म्हणजे घड्याळाच्या शनिवारी पहाटे. शनिवारच्या चौकटीत एकादशी उत्तररात्री २.१० पर्यंत आहे, म्हणजे घड्याळाच्या रविवारी. रविवारच्या चौकटीत द्वादशी रात्री ११.१० पर्यंत आहे. शनिवारचा अरुणोदय सूर्योदयाआधी ९६ मिनिटे, म्हणजे ४.३४ ला सुरू होतो. तेव्हा दशमी अजून १६ मिनिटे शिल्लक आहे, म्हणून भागवत मंडळी शनिवार सोडून रविवारी उपवास करतील. सूर्योदयाला मात्र एकादशी लागलेली आहे, म्हणून स्मार्तांची एकादशी शनिवारीच.

स्मार्तांचे पारणे रविवारी. द्वादशी पहाटे २.१० ला लागून रात्री ११.१० ला संपते, म्हणजे ती २१ तासांची आहे. तिचा चौथा भाग सव्वापाच तासांचा. २.१० मध्ये सव्वापाच तास मिळवले की ७.२५ येतात. म्हणजे सूर्य ६.१० ला उगवला, तरी ७.२५ पर्यंत हरिवासर चालू आहे आणि पारणे त्यानंतर सकाळी करायचे. भागवतांचा उपवास रविवारी असल्याने त्यांचे पारणे सोमवारी सूर्योदयानंतर होते. द्वादशी रविवारी रात्रीच संपली असल्याने तेव्हा त्रयोदशी असते, पण अशा विद्ध एकादशीच्या वेळी त्याला दोष मानत नाहीत.

याच्या उलट अडचण येते ती द्वादशी सकाळी लवकर संपते तेव्हा. सूर्योदय ६.१० चा आणि द्वादशी ६.५० ला संपत असेल, तर पूजा, स्वयंपाक आणि जेवण चाळीस मिनिटांत बसत नाही, आणि ज्याला ६.३२ ची गाडी पकडायची आहे त्याला तर नाहीच नाही. अशा वेळी तुळशीपत्र घातलेले तीर्थ पिऊन पारणे करावे आणि जेवण मागाहून, दुपारी डब्यात किंवा संध्याकाळी, घ्यावे. भागवत पुराणातल्या अंबरीष राजाची हीच कथा आहे. दुर्वास ऋषी जेवणाचे आमंत्रण घेऊन नदीवर स्नानाला गेले, ते परत येईनात, आणि इकडे द्वादशी संपत आली. पाहुण्याआधी जेवावे तर अपमान होतो आणि न जेवावे तर व्रताला बाध येतो. तेव्हा पाणी पिणे हे जेवणेही आहे आणि न जेवणेही, असा निर्णय ब्राह्मणांनी दिला आणि राजाने पाणी प्राशन केले. दुर्वास तरीही रागावले, पण व्रत पूर्ण झाले होते.

पारण्याचा क्रम

द्वादशीला सकाळी स्नान करून दिवा लावावा आणि थोडक्यात पूजा करावी. वरण, भात, तूप, एखादी भाजी आणि जमल्यास तांदळाची खीर असा साधा स्वयंपाक करावा. द्वादशीला परान्न, पुन्हा दुसऱ्यांदा जेवणे, मध, तेल, मांसाहार आणि काशाच्या भांड्यात जेवणे वर्ज्य सांगितले आहे. तेलाचा नियम पाळणारे फोडणी तुपाची देतात. ताटातल्या भातावर तुळशीचे पान ठेवून, ताटाभोवती पाणी फिरवून नैवेद्य दाखवावा. मग हातात पाणी घेऊन हा श्लोक म्हणावा:

अज्ञानतिमिरान्धस्य व्रतेनानेन केशव ।
प्रसीद सुमुखो नाथ ज्ञानदृष्टिप्रदो भव ॥

'हे केशवा, अज्ञानाच्या अंधाराने आंधळा झालेल्या माझ्यावर या व्रताने प्रसन्न हो. हे नाथा, सुमुख होऊन मला ज्ञानाची दृष्टी दे', असा त्याचा अर्थ. संकल्पात देवाकडे आधार मागितला होता, इथे दृष्टी मागितली आहे. पुण्य, संपत्ती असे काही या दोन्ही श्लोकांत मागितलेले नाही. पाणी ताम्हनात सोडावे. श्लोक येत नसेल, तर 'पांडुरंगा, काल धरलेले व्रत तुझ्या कृपेने पुरे झाले, ते तुला अर्पण करून मी आता जेवतो' एवढे म्हणावे. बाईमाणसाने 'जेवते' म्हणावे. मग तीर्थ घ्यावे, नैवेद्यावरचे तुळशीपत्र पहिल्या घासात मिसळावे आणि 'पुंडलिक वरदा हरि विठ्ठल' म्हणून जेवायला सुरुवात करावी.

पहिला घास वरणभाताचा असावा. आदल्या दिवशी केवळ पाण्यावर राहिलेल्याने आधी थोडे कोमट पाणी किंवा ताक घेऊन दहा मिनिटे थांबावे आणि भातही नेहमीपेक्षा निम्माच वाढून घ्यावा, नाहीतर पोटात कळ येते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी पारण्याला पहिल्या वाढपात मूदभर भातावर आमसुलाचे सारच वाढतात आणि ताट पुढे करताना विचारतात, "किती वाजले रे?" भिंतीवरच्या घड्याळात ७.४० दिसल्यावरच त्या स्वतःच्या ताटावरची तुळस उचलतात.